दोन्ही बाजू सारख्याच, मग तूट दिसते कुठे?

*मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोबत राज्यसेवेची तयारीही करते. राजकोषीय तूट, महसुली तूट, प्राथमिक तूट यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रश्न जरा फिरवून आला की चुकते. परवा केंद्राच्या अर्थसंकल्पाचा गोषवारा उघडला. २०२५-२६ ची एकूण जमा ५०,६५,३४५ कोटी आणि एकूण खर्चही ५०,६५,३४५ कोटी! मग तूट आहे कुठे? क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की तूट भरायला सरकार नोटा छापतं. मैत्रीण म्हणते, छे, कर्ज काढतं. आणि तूट एवढी वाईट असेल तर ती शून्यावर का आणत नाहीत? पाठांतर सोडून हे समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू?*
*– एक विद्यार्थिनी*

त्या पानावर दोन्ही आकडे सारखे असणारच. खर्च करायचा म्हणजे त्याचे पैसे कुठून तरी यायलाच हवेत, आणि ते जिथून येतील ते सगळं ‘जमा’ या बाजूला लिहिलं जातं. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईंना हे चांगलं ठाऊक असतं. पगार चौतीस हजार, खर्च पन्नास हजार, आणि मधले सोळा हजार पतसंस्थेतून उचललेले. वहीत पगार आणि कर्ज दोन्ही जमेलाच पडतात, म्हणून बेरीज जुळते. बेरीज जुळली याचा अर्थ घर भागतंय असा मात्र होत नाही. तूट शोधायची तर जमेच्या बाजूला जाऊन कोणती ओळ कमाईची आणि कोणती उसनवारीची, हे विचारावं लागतं.

तुमचंच पान घेऊ. आकडे लाख कोटींत आणि दोन दशांशांपर्यंत घेतले तर डोक्यात राहतात. महसुली जमा ३४.२०. यात केंद्राच्या वाट्याला उरलेला कर २८.३७ आणि करेतर महसूल ५.८३. त्याखाली भांडवली जमा, आणि तिच्यात तीन ओळी आहेत. दिलेल्या कर्जांची वसुली ०.२९, इतर जमा (यात मुख्यतः निर्गुंतवणूक) ०.४७, आणि ‘कर्ज व इतर दायित्वे’ १५.६९. एकूण ५०.६५. खर्चाच्या बाजूला महसुली खर्च ३९.४४ आणि भांडवली खर्च ११.२१. एकूण पुन्हा ५०.६५.

‘कर्ज व इतर दायित्वे’ या ओळीवर बोट ठेवा. १५,६८,९३६ कोटी. हीच राजकोषीय तूट. ती खालच्या चौकटीत वेगळी छापलेली असते खरी, पण मुळात ती जमेच्या यादीतच बसलेली असते. व्याख्येतून काढलीत तरी उत्तर तेच येईल. एकूण खर्च ५०.६५, त्यातून महसुली जमा ३४.२० वजा, कर्ज नसलेली भांडवली जमा ०.७६ वजा, राहिले १५.६९. ‘एकूण जमा वजा एकूण खर्च’ असं करायला गेलात तर उत्तर शून्यच येणार. परीक्षेत हा सापळा अनेकदा लावलेला असतो.

महसुली तुटीसाठी भांडवली ओळींकडे पाहायचंच नाही. ३९.४४ वजा ३४.२०, म्हणजे ५.२४ लाख कोटी. सरकारचे पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने असा रोजचा खर्च रोजच्या कमाईतून भागला नाही आणि एवढा भाग कर्जावर चालला, असा त्याचा अर्थ. प्राथमिक तूट काढायला राजकोषीय तुटीतून व्याज वजा करा. व्याज १२.७६, म्हणून १५.६९ वजा १२.७६ बरोबर २.९३. तीनही व्याख्या आता एका पानावरून निघाल्या, आणि त्या पाठ करण्याची गरज बरीच कमी झाली.

आता तुमच्या चुका कुठे होत असतील याचा अंदाज बांधतो. ‘महसुली’ म्हणजे करांचं आणि ‘भांडवली’ म्हणजे मोठ्या रकमेचं, अशी समजूत नकळत तयार होते. रकमेचा आकार इथे बघायचाच नाही. जमेच्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे. हे पैसे उद्या परत करायचे आहेत का? आणि हे पैसे येताना सरकारची एखादी मालमत्ता कमी झाली का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती महसुली जमा. यांपैकी एकाचंही ‘हो’ असेल तर भांडवली. भांडवलीतही ‘परत करायचे आहेत’ असेल तर कर्ज, आणि ‘फक्त मालमत्ता कमी झाली’ असेल तर कर्जेतर भांडवली जमा.

हे एकदा हाताने करून बघा. समजा सरकारच्या हाती वर्षभरात दहा हजार कोटी जास्तीचे आले, खर्चात एक रुपयाही बदल नाही. आले कुठून, एवढंच वेगवेगळं धरू.

पहिल्यांदा धरू की रिझर्व्ह बँकेने आपल्या शिलकीतून जास्त रक्कम वर्ग केली. ही रक्कम परत करायची नाही आणि सरकारने काही विकलेलंही नाही, म्हणून ती करेतर महसुलात जाते. महसुली तूट दहा हजारांनी कमी, राजकोषीय तूटही दहा हजारांनी कमी. हे काल्पनिकच आहे असं समजू नका. मे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने केंद्राला २,६८,५९० कोटी रुपये दिले, आणि त्याआधीच्या वर्षी २,१०,८७४ कोटी. एवढी मोठी रक्कम तुटीचं चित्र बदलू शकते, म्हणूनच दर मे महिन्यात रोखे बाजाराचं लक्ष त्या घोषणेकडे लागलेलं असतं.

दुसऱ्यांदा धरू की सरकारने एका सार्वजनिक कंपनीतले शेअर विकले. पैसे परत करायचे नाहीत, पण मालमत्ता गेली. कर्जेतर भांडवली जमा. राजकोषीय तूट दहा हजारांनी कमी होईल, महसुली तूट मात्र तसूभरही हलणार नाही. निर्गुंतवणुकीने महसुली तूट कमी होते, असं विधान ‘योग्य की अयोग्य’मध्ये दिसलं की ते अयोग्य.

तिसऱ्यांदा लोकांनी पोस्टात आणि पीपीएफमध्ये दहा हजार कोटी जास्त भरले. लोकांचा पैसा लोकांना व्याजासकट परत द्यायचा आहे, म्हणून हे कर्जच. महसुली तूट तेवढीच, राजकोषीय तूटही तेवढीच. बदललं काय, तर बाजारातून उचलायचं कर्ज दहा हजारांनी कमी झालं. तूट कायम राहून तिच्या भरपाईचा मार्ग तेवढा बदलला. अल्पबचत वाढल्याने तूट घटते असं समजणारे विद्यार्थी बरेच असतात. ‘बचत’ या शब्दानेच फसवलेलं असतं त्यांना.

खर्चाच्या बाजूलाही असाच एक अवघड कोपरा आहे. रस्ता बांधला म्हणजे भांडवली खर्च, एवढं सगळ्यांना येतं. पण ग्रामसडक योजनेत केंद्र पैसे देतं आणि रस्ता होतो राज्याच्या मालकीचा. केंद्राच्या हाती मालमत्ता येत नाही, म्हणून केंद्राच्या वहीत ते अनुदान महसुली खर्च म्हणून पडतं. २०२५-२६ मध्ये मालमत्ता उभारणीसाठीची अशी अनुदाने ४.२७ लाख कोटींची आहेत. ती ५.२४ मधून वजा केली की ०.९७ उरतात. ही ‘परिणामकारक महसुली तूट’. हा आकडा २०११-१२ पासून दाखवला जातो. तो बघताना थोडा संशय ठेवावा, असं माझं मत आहे. अनुदान दिलं म्हणजे मालमत्ता उभी राहिलीच, हे पानावरून कळत नाही. याच्या उलट, केंद्राने राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीने बिनव्याजी दिलेले दीड लाख कोटी हे कर्ज असल्याने केंद्राच्या भांडवली खर्चात धरले जातात. केंद्राने अनुदान दिलं तर महसुली आणि कर्ज दिलं तर भांडवली, मग राज्याने त्यातून नेमकं तेच बांधलं तरीही.

महसुली तूट वेगळी मोजायची कशासाठी, असं वाटत असेल तर दोन वर्षं शेजारी ठेवा. २०२५-२६ च्या अंदाजात राजकोषीय तूट १५.६९ आणि महसुली तूट ५.२४. म्हणजे उचललेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले साधारण तेहतीस रोजच्या खर्चात गेले आणि सदुसष्ट मालमत्तेकडे. करोनाच्या २०२०-२१ मध्ये प्रत्यक्ष राजकोषीय तूट १८.१८ लाख कोटी होती, जीडीपीच्या ९.२ टक्के. त्यात महसुली तूट १४.५० लाख कोटी. शंभरातले ऐंशी रुपये रोजच्या खर्चात. तुटीचा नुसता रुपयांतला आकडा सांगितला तर दोन्ही वर्षं जवळपास सारखी वाटतील, पण उसन्या पैशाचं काय झालं हे बघितलं की त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

त्या २०२०-२१ च्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आधीची काही वर्षं अन्न अनुदानाचा पूर्ण पैसा अर्थसंकल्पातून दिला जात नव्हता. भारतीय अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावलं जाई. खर्च सरकारचा, पण कर्ज महामंडळाच्या नावावर, म्हणून केंद्राची तूट तेवढी कमी दिसे. २०२०-२१ मध्ये ही पद्धत थांबवून जुनी देणी चुकती केली. अन्न अनुदानाचा अंदाज सुमारे १.१६ लाख कोटींचा होता, प्रत्यक्षात ते ५.४१ लाख कोटींवर गेलं. त्यातला एक भाग मोफत धान्याचा, आणि एक मोठा भाग जुन्या लपलेल्या तुटीचा. मुख्य परीक्षेत ‘अर्थसंकल्पबाह्य कर्जे’ यावर लिहायची वेळ आली तर हे उदाहरण वापरा. तूट अचानक वाढलेली दिसते तेव्हा उधळपट्टी झाली की आधीची झाकपाक उघडी पडली, हे तपासावं लागतं.

आता नोटांकडे येऊ. तुमच्या क्लासच्या नोट्स सरसकट चुकीच्या म्हणता येणार नाहीत, पण त्या १९९७ च्या आधीच्या आहेत. १९५५ पासून अशी व्यवस्था होती की रिझर्व्ह बँकेतली केंद्राची शिल्लक ठरलेल्या पातळीखाली गेली की आपोआप ‘तदर्थ’ ट्रेझरी बिले निघत. ती रिझर्व्ह बँक घेई आणि बदल्यात सरकारच्या खात्यात पैसे जमा करी. १९७४ नंतर त्यावरचा व्याजदर ४.६ टक्क्यांवरच थांबवून ठेवलेला होता. नाव तात्पुरत्या उसनवारीचं, पण जुनी बिले फिटत नसत आणि ती साचत जात. याला ‘तुटीचा अर्थभरणा’ म्हणत, आणि जुन्या पुस्तकांतली ‘अर्थसंकल्पीय तूट’ हा आकडा प्रामुख्याने त्याच्याशीच जोडलेला होता. १९९४ च्या करारात मर्यादा घातल्या गेल्या, १ एप्रिल १९९७ पासून तदर्थ बिले बंद झाली आणि १९९७-९८ पासून अर्थसंकल्पीय तूट ही संकल्पनाही सोडून देण्यात आली. पुढे २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला केंद्राचे रोखे थेट सरकारकडून विकत घ्यायला मनाई केली. राष्ट्रीय आपत्तीसारखे मोजके अपवाद त्यात आहेत.

मग १५.६९ लाख कोटी येतात कुठून? त्यातले ११.५४ लाख कोटी मुदतीच्या रोख्यांतून, म्हणजे शंभरातले जवळपास चौऱ्याहत्तर. सुमारे ३.४३ लाख कोटी अल्पबचत निधीतून. परदेशी कर्ज निव्वळ सुमारे २३ हजार कोटी, शंभरात दीड रुपया. उरलेला साधारण अर्धा लाख कोटी भविष्य निर्वाह निधी आणि इतर किरकोळ मार्गांतून. ‘भारत सरकार जागतिक बँकेच्या कर्जावर चालतं’ असं कोणी म्हटलं तर हा दीड रुपया त्यांना दाखवा.

इथे बातम्यांत दोन आकडे येतात आणि विद्यार्थी गोंधळतात. त्याच वर्षाची बाजारातली ढोबळ उचल १४.८२ लाख कोटी आणि निव्वळ ११.५४ लाख कोटी. मधले ३.२८ लाख कोटी जुन्या रोख्यांची मुदत संपली म्हणून मुद्दल फेडायला जातात. जुनं कर्ज फेडायला नवं काढलं तर एकूण कर्ज वाढत नाही, म्हणून तुटीत फक्त निव्वळ रक्कम धरतात. मुद्दलाची फेड ५०.६५ च्या खर्चातही नाही. व्याज मात्र महसुली खर्चात पूर्ण धरलेलं आहे. ‘कर्जाचा हप्ता’ म्हणून मुद्दल आणि व्याज एकत्र पकडण्याची आपली बँकेतली सवय इथे सोडावी लागते.

प्रत्यक्ष व्यवहार शुक्रवारी होतो. अर्ध्या वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर केलेलं असतं. २०२५-२६ च्या पहिल्या सहामाहीत आठ लाख कोटी उचलायचे ठरले होते आणि मुदती होत्या तीन वर्षांपासून पन्नास वर्षांपर्यंत. लिलावाच्या दिवशी सकाळी साडेदहा ते साडेअकरा या तासात बँका, विमा कंपन्या, प्राथमिक व्यापारी यांच्या बोली रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर प्रणालीवर येतात. त्याच दिवशी निकाल लागतो आणि पैसे पुढच्या कामाच्या दिवशी, बहुधा सोमवारी, भरायचे असतात. समजा १०० रुपये दर्शनी किमतीच्या, वर्षाला ७ रुपये व्याज देणाऱ्या रोख्याला बोली आली ९८ ची. घेणाऱ्याने ९८ गुंतवून वर्षाला ७ मिळवले, म्हणजे चालू परतावा ७.१४ टक्के पडला. मुदत संपताना मिळणारे वरचे दोन रुपये धरले तर परतावा आणखी थोडा वर जातो. रोख्याची किंमत पडली की परतावा चढतो, तो असा. सरकारला जास्त उचल करायची असेल आणि घेणारे तेवढे उत्साही नसतील, तर त्याची खूण नेमकी इथे उमटते. बोली खाली येतात, परतावा चढतो आणि सरकारी रोख्याच्या दरावरच बाकीच्यांच्या कर्जाचे दर बेतलेले असल्याने कंपन्यांनाही कर्ज महाग पडू लागतं. खासगी गुंतवणूक बाजूला ढकलली जाणे म्हणतात ते हे. ते दर वेळी घडतंच असं नाही. कारखाने नवं कर्ज मागतच नसतील तर सरकारच्या उचलीने कोणाचीच जागा जात नाही.

सोमवारी बँकेने पैसे भरले म्हणजे काय झालं, ते सावकाश बघा. त्या बँकेचं रिझर्व्ह बँकेत खातं आहे, त्यातून रक्कम वजा झाली आणि केंद्राच्या खात्यात जमा झाली. बँकांच्या हातची रोकड तेवढी कमी झाली. आठवड्याभरात केंद्राने त्यातून पगार दिले, कंत्राटदाराचं बिल चुकतं केलं. ते पैसे पगारदाराच्या बँकेत आले आणि त्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात परत पोचले. फेरी पूर्ण झाली आणि नवी रोकड जन्मली नाही. हेच रोखे रिझर्व्ह बँकेने थेट घेतले असते तर कोणाच्याच खात्यातून वजावट न होता सरकारच्या खात्यात जमा झाली असती. नवा पैसा तयार झाला असता. ‘नोटा छापणे’ हा त्याच्यासाठीचा बोलीभाषेतला शब्द. छापखाना चालवावा लागतोच असं नाही, खात्यात आकडा लिहिला तरी पुरे.

तेव्हा मैत्रिणीचं उत्तर बरोबर, पण तिलाही एक पुरवणी द्या. रिझर्व्ह बँक सरकारकडून रोखे घेऊ शकत नसली तरी बँकांकडे असलेले जुने रोखे बाजारातून विकत घेऊ शकते आणि घेतेही. त्याला खुल्या बाजारातले व्यवहार म्हणतात. त्यातून नवी रोकड येते. घेण्याचा हेतू आणि रक्कम रिझर्व्ह बँक ठरवते, सरकार नाही, हा फरक कागदावर स्वच्छ आहे. प्रत्यक्षात सरकारची उचल प्रचंड असते तेव्हा त्या खरेदीने परतावा आटोक्यात राहायला मदत होते, आणि तिथे रेषा पुसट होते. मुख्य परीक्षेत एवढं लिहिलंत तर पुरेसं आहे. ‘छुपी नोटाछपाई’ असा शिक्का मारून मोकळं होऊ नका.

तदर्थ बिलांची जागा ‘अर्थोपाय अग्रिमां’नी घेतली. महिनाअखेरीला पगार द्यायचे आणि आगाऊ कराचा हप्ता यायचा पुढच्या पंधरा तारखेला, असा अडला दिवस काढण्यापुरती ही उचल. तिला मर्यादा असते, एप्रिल ते सप्टेंबर २०२५ साठी ती दीड लाख कोटी होती. व्याज रेपो दराइतकं, मर्यादा ओलांडली तर दोन टक्के जास्त, आणि अशी जादा उचल सलग दहा कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिले यापेक्षा वेगळी. ती बुधवारी लिलावात विकली जातात आणि बाजार ती घेतो. परीक्षेत या दोघांची जोडी लावायला सांगतात, तेव्हा कोण पैसे देतं एवढंच विचारा. अग्रिम देते रिझर्व्ह बँक, ट्रेझरी बिलांचे पैसे देतो बाजार.

शून्याचा प्रश्न राहिला. तो आकड्यांनीच तपासू. २०२५-२६ मध्ये तूट शून्य करायची तर १५.६९ लाख कोटी हवेत. सगळा भांडवली खर्च, म्हणजे रेल्वे, महामार्ग, संरक्षण सामग्री, राज्यांना दिलेली कर्जे, असे ११.२१ लाख कोटी पुसून टाकले तरी ४.४८ कमीच पडतात. नाहीतर महसूल एका वर्षात शेकडा शेहेचाळीसने वाढवायचा. त्यातलं काहीही केलं तरी १२.७६ लाख कोटींचं व्याज द्यावंच लागणार, कारण ते मागच्या वर्षांच्या तुटींचं बिल आहे. यंदा अर्थमंत्री कोणीही असो, ती ओळ हातात नसते.

शिवाय कर्जाचा बोजा जीडीपीच्या मानाने मोजतात आणि जीडीपी जागेवर उभा राहत नाही. २०२४-२५ अखेर केंद्राचं कर्ज जीडीपीच्या ५७.१ टक्के असेल, असा सुधारित अंदाज होता. पुढच्या वर्षी चालू किमतींनी जीडीपी १०.१ टक्क्यांनी वाढेल असं धरलं. म्हणजे जुनं कर्ज नव्या, मोठ्या जीडीपीच्या मानाने ५७.१ भागिले १.१०१, साधारण ५१.९ टक्के. त्यात नवी तूट ४.४ मिळवली की ५६.३. अर्थसंकल्पातला अंदाज ५६.१ आहे, म्हणजे आपला कच्चा हिशेब जवळ पोचला. पंधरा लाख कोटींहून जास्त नवं कर्ज काढूनही प्रमाण एका टक्क्याने खाली आलं. आता हाच हिशेब वाढ ६ टक्के धरून करा. जुनं कर्ज ५३.९, आणि जीडीपी छोटा राहिल्याने तीच रुपयांतली तूट ४.६ टक्के होते. एकूण ५८.५ च्या आसपास. तूट एका रुपयाने वाढली नाही आणि प्रमाण चढलं. तूट टक्क्यांत सांगितली की छेदाकडेही बघायचं ते यासाठी. केंद्राने २०२६-२७ पासून तुटीऐवजी हे कर्जाचं प्रमाणच लक्ष्य धरायचं ठरवलं आहे, ३१ मार्च २०३१ पर्यंत जीडीपीच्या ५० टक्के, एक टक्का अलीकडे-पलीकडे.

तेव्हा ‘तूट किती’ यापेक्षा ‘कशासाठी, कोणाकडून आणि जीडीपी किती वेगाने वाढत असताना’ असं विचारलंत तर निबंधाला आकार येईल. ४.४ टक्के हा आकडा स्वतःहून चांगला किंवा वाईट ठरत नाही.

राज्यसेवेसाठी हाच हिशेब महाराष्ट्राच्या पानावर करून बघा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी आहे. उत्तर पाहण्याआधी कागदावर महसुली तूट काढा, ती राजकोषीय तुटीच्या शेकडा किती ते काढा, आणि उरलेली रक्कम कशावर जाते ते एका वाक्यात लिहा. महसुली तूट ४५,८९१ कोटी यायला हवी, म्हणजे शंभरातले जवळपास चौतीस. उरलेले ९०,३४४ कोटी हा कर्जेतर भांडवली जमा वजा केल्यावरचा भांडवली खर्च. राज्याचे रोखे मंगळवारच्या लिलावात विकले जातात, आणि केंद्राचं कर्ज डोक्यावर असेपर्यंत नवी उचल करायला घटनेच्या कलम २९३(३) प्रमाणे केंद्राची संमती लागते. केंद्राला अशी संमती कोणाकडून घ्यावी लागत नाही. कलम २९२ संसदेला मर्यादा घालण्याचा अधिकार देतं, एवढंच.